तापमान बदलल्यावर समतोल कोणत्या बाजूला सरकतो: ΔH च्या चिन्हावरून उत्तर काढण्याची पद्धत

अकरावीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. ‘उष्मादायी अभिक्रियेचे तापमान वाढवले की समतोल डावीकडे सरकतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाला पाठ असते, आणि तरीही उत्तर चुकते. एका विद्यार्थ्याने नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळीबद्दल लिहिले होते, ‘तापवल्यावर रंग फिका होतो.’ त्याच पानावर, चार ओळी खाली, त्याने प्रयोगाचे निरीक्षण नोंदवले होते, ‘नळी गरम पाण्यात ठेवल्यावर वायू गडद तपकिरी झाला.’ ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. नियम त्याला येत होता. त्याने ΔH चे चिन्ह एका समीकरणाचे घेतले होते आणि लावले होते दुसऱ्याच समीकरणाला.

म्हणून येथे भर नियमावर नसून क्रमावर आहे. पुढील पायऱ्या याच क्रमाने कागदावर कराव्यात, आणि किमान पहिली दहा-बारा उदाहरणे तरी मनातल्या मनात सोडवू नयेत. सर्व पायऱ्यांसाठी मुख्य उदाहरण एकच घेतले आहे: रंगहीन N2O4 आणि तपकिरी NO2 यांच्यातील समतोल.

पायरी 1: समीकरण लिहा आणि भांडे बंद आहे का ते पाहा

प्रथम संपूर्ण समीकरण, पदार्थांच्या अवस्थांसह, स्वतःच्या हाताने लिहावे.

N2O4(g) ⇌ 2NO2(g)

त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: तयार झालेला एखादा पदार्थ भांड्यातून निसटून जात आहे का? उघड्या भट्टीत चुनखडी भाजली तर कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो, त्यामुळे उलटी अभिक्रिया होण्याची संधीच राहत नाही आणि समतोल प्रस्थापित होत नाही. तीच चुनखडी बंद भांड्यात तापवली तर मात्र समतोलाचा विचार लागू पडतो. आपल्या उदाहरणात वायू काचेच्या सीलबंद नळीत आहे, म्हणून पुढे जाता येते.

पायरी 2: ΔH चे चिन्ह याच समीकरणाचे आहे याची खात्री करा

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून या पायरीला घाई करू नये.

ΔH चे चिन्ह अभिक्रिया कोणत्या दिशेने लिहिली आहे त्यावर अवलंबून असते. पदार्थांच्या एखाद्या जोडीला ते कायमचे चिकटलेले नसते. N2O4 चा रेणू तुटून त्याचे दोन NO2 होताना दोन नायट्रोजन अणूंमधील बंध तोडावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा बाहेरून घ्यावी लागते. म्हणून वर लिहिलेल्या समीकरणासाठी ΔH धन आहे, सुमारे +57 किलोज्यूल, आणि अभिक्रिया उष्माग्राही आहे. काही पुस्तके हाच समतोल उलटा लिहितात:

2NO2(g) ⇌ N2O4(g)

येथे तोच बंध तयार होतो, तेवढीच ऊर्जा बाहेर पडते, आणि ΔH सुमारे −57 किलोज्यूल होतो. अभिक्रिया उष्मादायी ठरते. नळी तीच आणि वायूही तेच, परंतु ‘उष्मादायी की उष्माग्राही’ या प्रश्नाचे उत्तर मात्र लिहिण्याच्या दिशेप्रमाणे बदलले. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने वर्गातील समीकरणाचे +57 पाठ केले होते, आणि परीक्षेत समीकरण दुसऱ्या दिशेने आले होते.

सावधान: ऋण चिन्हाचा अर्थ ‘काहीतरी कमी होते’ असा घेऊ नये. ऋण म्हणजे अभिक्रियेतील पदार्थांची ऊर्जा कमी झाली आणि ती उष्णतेच्या रूपाने सभोवती गेली. उत्पादित पदार्थ कमी किंवा जास्त होण्याशी या चिन्हाचा थेट संबंध नाही.

पडताळा: समीकरणातील बाणाच्या डोक्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणावे, ‘या दिशेने जाताना उष्णता बाहेर पडते’ किंवा ‘या दिशेने जाताना उष्णता आत घेतली जाते.’ हे वाक्य सहज म्हणता आले नाही तर पुढची पायरी चढू नये. बंध तुटत आहेत की जुळत आहेत एवढे पाहिले तरी सोप्या अभिक्रियांमध्ये चिन्हाचा अंदाज येतो.

पायरी 3: उष्णता समीकरणात लिहून टाका

आता ΔH हा आकडा बाजूला ठेवून त्याऐवजी ‘उष्णता’ हा शब्द समीकरणात योग्य बाजूला लिहावा. ΔH धन असेल तर उष्णता डावीकडे येते, कारण ती खर्ची पडते. ऋण असेल तर उजवीकडे येते, कारण ती तयार होते.

N2O4 + उष्णता ⇌ 2NO2

एवढे केले की धन-ऋणाचा घोळ संपतो. समीकरण उलटे लिहिले तरी उष्णता नेहमी N2O4 च्याच बाजूला राहते हे करून पाहावे. चिन्ह बदलते, पण उष्णतेचा सोबती बदलत नाही. माझ्या मते नवशिक्यांसाठी या संपूर्ण पद्धतीतील ही सर्वांत उपयोगी ओळ आहे.

सावधान: उष्णता हा पदार्थ नव्हे. ती येथे केवळ दिशा ओळखण्याच्या सोयीसाठी लिहिली आहे. समतोल स्थिरांकाच्या सूत्रात तिला स्थान नाही, आणि अंतिम उत्तरात समीकरण लिहिताना ΔH वेगळाच लिहावा.

पायरी 4: तापमानातील बदल ओळखा आणि दिशा ठरवा

तापमान वाढवणे म्हणजे उष्णता पुरवणे, आणि कमी करणे म्हणजे ती काढून घेणे. पुरवलेली उष्णता ज्या दिशेने वापरली जाते, त्या दिशेला समतोल सरकतो. काढून घेतल्यावर ती ज्या दिशेने निर्माण होते, त्या दिशेला सरकतो. आपल्या समीकरणात उष्णता N2O4 च्या बाजूला आहे, म्हणून तापवल्यावर N2O4 तुटतो आणि NO2 वाढतो. थंड केल्यावर NO2 चे रेणू जोडीने एकत्र येऊन N2O4 तयार होतो.

हे असे का होते याचे कारण वेगात आहे, आणि ते एकदा समजून घेतले तर नियम पाठ करावा लागत नाही. तापमान वाढवल्यावर दोन्ही दिशांच्या अभिक्रियांचा वेग वाढतो. मात्र ज्या दिशेची सक्रियण ऊर्जा जास्त, तिचा वेग अधिक पटींनी वाढतो, आणि समतोलाच्या कोणत्याही जोडीत उष्माग्राही दिशेचीच सक्रियण ऊर्जा जास्त असते, कारण तिला तोच डोंगर खालच्या बाजूने चढायचा असतो. त्यामुळे तापवल्याबरोबर थोडा वेळ N2O4 तुटण्याचा वेग जुळण्याच्या वेगाच्या पुढे जातो, NO2 साठत जातो, NO2 साठल्यामुळे जुळण्याचाही वेग वाढतो, आणि काही वेळाने दोन्ही वेग पुन्हा सारखे होतात. हा नवा समतोल असतो, आणि त्यात NO2 चा वाटा पूर्वीपेक्षा मोठा असतो.

‘उष्मादायी अभिक्रिया तापवल्यावर तिचा वेग मंदावतो’ असे लिहिणाऱ्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. तिचा वेग मंदावत नाही. उलट्या अभिक्रियेचा वेग तिच्यापेक्षा जास्त पटींनी वाढतो, इतकेच.

पडताळा: गरम करण्याचे उत्तर काढल्यावर थंड करण्याचे उत्तर स्वतंत्रपणे, पुन्हा पहिल्यापासून काढावे. दोन्ही उत्तरे एकमेकांच्या नेमकी विरुद्ध यायला हवीत. तशी आली नाहीत तर चूक बहुधा पायरी 3 मध्ये सापडते.

पायरी 5: उत्तर पदार्थांच्या नावाने लिहा, मग K बद्दल बोला

‘समतोल उजवीकडे सरकतो’ एवढेच उत्तर लिहू नये. उजवी बाजू कोणती, हे समीकरण कसे लिहिले आहे त्यावर अवलंबून असते. ‘NO2 चे प्रमाण वाढते, N2O4 चे कमी होते, म्हणून तपकिरी रंग गडद होतो’ असे लिहिले की समीकरण कोणत्याही दिशेने असले तरी वाक्य खरे राहते, आणि ते निरीक्षणाशी ताडूनही पाहता येते.

त्यानंतर समतोल स्थिरांक. संहती किंवा दाब बदलल्याने समतोल सरकतो, परंतु K तोच राहतो. तापमान बदलले की मात्र K स्वतःच बदलतो. ΔH धन असलेल्या समीकरणाचा K तापमानाबरोबर वाढतो, ऋण असलेल्याचा कमी होतो. N2O4 तुटण्याच्या समीकरणासाठी, दाब वातावरण या एककात मोजल्यास, 25 °से. ला K सुमारे 0.15 असतो आणि 100 °से. ला सुमारे 15, म्हणजे 75 अंशांच्या फरकात साधारण शंभर पट. एकूण दाब एक वातावरण असताना 25 °से. ला N2O4 च्या मूळ रेणूंपैकी जेमतेम पाचवा हिस्सा तुटलेला असतो, 100 °से. ला तो दहापैकी जवळजवळ नऊ इतका होतो.

हुशार विद्यार्थ्यांची एक खास चूक येथे आढळते. ते म्हणतात, ‘सीलबंद नळी तापवली की आतला दाब वाढतो, दाब वाढला की समतोल कमी रेणूंच्या बाजूला, म्हणजे N2O4 कडे जातो, तेव्हा दोन परिणाम एकमेकांना खोडून काढतील.’ युक्तिवाद ऐकायला पटण्यासारखा आहे, पण दाबाचा नियम तापमान स्थिर ठेवून आकारमान कमी केल्यावर लागू होतो. नळीचे आकारमान बदललेलेच नाही. येथील दाबवाढ हा तापमानवाढीचा आणि रेणू तुटल्याचा परिणाम आहे. तो बाहेरून केलेला वेगळा बदल नाही. बदल एकच केला आहे, तो तापमानाचा, आणि तपकिरी रंग गडद होतो हे डोळ्यांना दिसते.

सावधान: ही नळी प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आधीच सीलबंद केलेली वापरावी. NO2 फुप्फुसांना घातक आहे, तो घरी तयार करण्याचा विचारही करू नये. नळी बर्फात ठेवल्यावर काचेवर द्रवाचे थेंब दिसले तर रंग फिका होण्याचे श्रेय सगळे समतोलाला देऊ नये: N2O4 चा उत्कलनांक सुमारे 21 °से. आहे, त्यामुळे नळीत वायू जास्त भरलेला असेल तर त्यातील काही भाग सरळ द्रवरूप होतो. थोडाच वायू भरलेली नळी या प्रयोगासाठी बरी.

पायरी 6: वेगाचा प्रश्न वेगळा ठेवा

‘समतोल कुठे आहे’ आणि ‘तिथे किती लवकर पोहोचतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र झाले की काय होते, हे अमोनियाच्या उदाहरणात दिसते.

N2(g) + 3H2(g) ⇌ 2NH3(g), ΔH सुमारे −92 किलोज्यूल

आतापर्यंतच्या पायऱ्यांनी हे भराभर सोडवता येते. ΔH ऋण, म्हणून उष्णता अमोनियाच्या बाजूला. तापवल्यावर अमोनिया तुटतो, थंड ठेवल्यावर अमोनिया वाढतो. मग विद्यार्थी विचारतात की अलिबागजवळच्या थळसारख्या ठिकाणी अमोनियाच्या कारखान्यात अभिक्रिया 400 ते 500 °से. च्या आसपास का चालवतात? नियम खोटा आहे का?

नियम खोटा नाही. 25 °से. ला समतोल स्थिरांक लाखांच्या घरात असतो, म्हणजे समतोलापर्यंत पोहोचता आले तर अमोनिया भरपूर मिळेल. पण त्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध तोडणारी अभिक्रिया इतकी मंद असते की समतोलापर्यंत पोहोचणेच होत नाही. 400 °से. ला स्थिरांक दहा हजारांश भागाच्या घरात येतो, अमोनियाचा वाटा कमी होतो, परंतु लोखंडाच्या उत्प्रेरकावर अभिक्रिया कामापुरत्या वेगाने चालते. कमी झालेला वाटा कारखाने दोन मार्गांनी भरून काढतात: दाब वाढवून, आणि तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेऊन उरलेला वायू पुन्हा अभिक्रियेकडे पाठवून. तापमान तिथे जास्त ठेवतात ते वेगासाठी. समतोलाच्या दृष्टीने ते तोट्याचेच असते.

सावधान: उत्प्रेरक दोन्ही दिशांचा वेग सारख्याच पटीने वाढवतो. त्याने समतोल सरकत नाही, K बदलत नाही आणि ΔH ही बदलत नाही. ‘उत्प्रेरकामुळे अमोनियाचे समतोलातील प्रमाण वाढते’ हे वाक्य परीक्षेत हमखास येते आणि हमखास चूक असते.

पायरी 7: एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

कागदावर उत्तर बरोबर येऊ लागल्यानंतर, उष्मादायी बाजूचा परिणाम चुन्याच्या निवळीवर पाहता येतो. साखर-मिठाच्या सवयीमुळे ‘गरम पाण्यात सगळेच जास्त विरघळते’ असे आपण धरून चालतो, आणि चुना ही समजूत मोडतो.

Ca(OH)2(s) ⇌ Ca²⁺(aq) + 2OH⁻(aq)

चुना विरघळताना थोडी उष्णता बाहेर पडते, म्हणजे या समीकरणाचा ΔH ऋण आहे. उष्णता उजवीकडे लिहावी आणि उत्तर आधी कागदावर मांडावे: तापवल्यावर समतोल घन चुन्याकडे जाईल, म्हणजेच विरघळलेला चुना बाहेर पडेल. आकडे तेच सांगतात. 20 °से. ला एक लिटर पाण्यात सुमारे 1.7 ग्रॅम चुना विरघळतो, तर उकळत्या पाण्याच्या आसपास सुमारे 0.7 ग्रॅमच.

आधी पाणी उकळून, झाकून थंड करावे, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पानाला लावायचा चुना चमचाभर घेऊन तो अर्ध्या लिटर पाण्यात ढवळावा, बाटली काठोकाठ भरून बुचाने बंद करावी आणि रात्रभर स्थिर ठेवावी. सकाळी वरचे नितळ पाणी गाळणकागदातून गाळून परीक्षानळीत अर्धी नळी भरेल एवढे घ्यावे. नळीच्या तोंडाला कापसाचा सैल बोळा लावून ती उकळत्या पाण्याच्या भांड्यात उभी ठेवावी. बूच घट्ट लावून नळी कधीही तापवू नये, आणि चुन्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये.

सुरुवातीला काचेला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात. ते दुधाळपणा नव्हेत, नळी हलवली की निघून जातात. काही मिनिटांनी मात्र सगळ्या द्रावणात एक पांढरट झाक येते आणि ती बुडबुड्यांसारखी वर जात नाही. हा बाहेर पडलेला चुना.

येथे शंका घेणे योग्य आहे. चुन्याची निवळी कार्बन डायऑक्साइडनेही दुधाळ होते, मग हे त्यामुळेच झाले नसेल कशावरून? नळी गार करून, अधूनमधून हलवत तासभर ठेवावी. तापमानामुळे बाहेर पडलेला चुना सावकाश पुन्हा विरघळतो आणि द्रावण बरेचसे नितळ होते. हवेतील वायूमुळे तयार झालेला कॅल्शियम कार्बोनेट मात्र गार झाल्यावरही तसाच राहतो. थोडा पांढरेपणा उरला तर काही कार्बन डायऑक्साइड आत शिरला असे समजावे, आणि पुढच्या वेळी नळी कमी वेळ उघडी ठेवावी.

ही पद्धत कुठे पुरत नाही

चिन्ह फक्त दिशा सांगते, किती ते सांगत नाही. ΔH चे मूल्य मोठे असेल तर K तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो. शून्याच्या जवळ असेल तर जवळजवळ बदलत नाही. ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉल यांपासून एस्टर तयार होण्याच्या अभिक्रियेचा ΔH अतिशय लहान आहे आणि तिचा समतोल स्थिरांक तापवूनही 4 च्याच आसपास राहतो. तेथे मिश्रण तापवतात ते केवळ समतोल लवकर यावा म्हणून.

पदार्थ विरघळण्याच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला की पाणी चांगलेच तापते, म्हणून विद्यार्थी ΔH ऋण धरतो आणि गरम पाण्यात तो कमी विरघळेल असे लिहितो. प्रत्यक्षात गरम पाण्यात तो जास्त विरघळतो. भरपूर पाण्यात थोडासा कोरडा सोडा टाकल्यावर बाहेर पडणारी उष्णता त्याने मोजली, आणि समतोल तर संपृक्त द्रावण व त्याच्या तळाशी असलेला घन पदार्थ यांच्यात असतो. तो घन पदार्थ नेहमीच्या तापमानाला कोरडा सोडा नसून पाणी धरून ठेवणारा स्फटिक असतो. चूक पुन्हा दुसऱ्या पायरीवरचीच: चिन्ह खरे होते, पण ज्या समीकरणाला लावले त्याचे नव्हते.